प्रार्थनेतल्या इंग्रजी बातम्या: 'हॅज लँडेड' की नुसतं 'लँडेड'?

खानापूरच्या_बाई | १९ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडे प्रार्थना, नाडगीत झालं की एक मुलगा किंवा मुलगी पाच मिनिटं बातम्या वाचते. सोमवार ते गुरुवार मराठी आणि कन्नड, शुक्रवार-शनिवार इंग्रजी. इंग्रजीच्या दिवशी मी एक युक्ती करते. बातमीपत्र आदल्या दिवशी फळ्यावर लिहिते, त्यातली क्रियापदं गाळते, शेजारी मूळ रूप देते. वर्गाने भरायचं, आणि जे बरोबर ठरेल ते दुसऱ्या दिवशी वाचायचं.

येत्या शनिवारी २३ ऑगस्ट, राष्ट्रीय अंतराळ दिन. माझ्याकडे २०२३ सालची जुनी वही आहे. चंद्रयान उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, आम्ही वाचलेलं बातमीपत्र त्यात आहे. म्हटलं तेच काढू. इथे सगळं देवनागरीत टंकते, फळ्यावर अर्थात इंग्रजी लिपीत असतं.

१. इंडियाज चंद्रयान-थ्री ____ ऑन द मून. क्रियापद: लँड
२. द विक्रम लँडर ____ डाउन ॲट फोर मिनिट्स पास्ट सिक्स यस्टरडे इव्हनिंग. क्रियापद: टच
३. द प्राइम मिनिस्टर ____ द लँडिंग लाइव्ह फ्रॉम जोहान्सबर्ग. क्रियापद: वॉच
४. इंडिया ____ द फोर्थ कंट्री टु लँड सेफली ऑन द मून. क्रियापद: बिकम
५. द लँडर ऑफ चंद्रयान-टू ____ इन २०१९. क्रियापद: क्रॅश
६. द सायंटिस्ट्स ____ एनी रिझल्ट्स यट. क्रियापद: नॉट अनाउन्स

जुन्या वहीतली माझी उत्तरं क्रमाने अशी: हॅज लँडेड, टच्ड, वॉच्ड, हॅज बिकम, क्रॅश्ड, हॅव नॉट अनाउन्स्ड.

आज हे फळ्यावर लिहिलं आणि पहिल्याच बाकावरच्या एका पोरीने हात वर केला. "टीचर, तिसऱ्यात यस्टरडे नाही, ॲगो नाही, काहीच नाही. मग वॉच्ड कसं? आणि चौथ्यातही काही नाही, तर तिथे हॅज बिकम कसं?" मी थांबले. दोन्ही वाक्यांत वेळेचा शब्द नाही हे खरं आहे, आणि उत्तरं मात्र वेगळी. तोंडाने वाचून बघितलं की माझी उत्तरं बरोबर वाटतात, पण कारण सांगता येईना. कुणी सांगेल का?

गाइडवाला_सर | १९ ऑगस्ट, रात्री १०.०५

बाई, सोपं आहे. मी दहावीची शिकवणी घेतो, दरवर्षी हेच. यस्टरडे, लास्ट, ॲगो, इन अमुक साल दिसलं की साधा भूतकाळ. जस्ट, ऑलरेडी, यट, सिन्स, फॉर, रिसेंटली, सो फार दिसलं की हॅव-हॅज. काहीच नसेल तर ते वाक्य पेपरात येत नाही, म्हणून मुलांना ते वाक्य देऊच नका. प्रश्न संपला.

निपाणीचा_बाळू | १९ ऑगस्ट, रात्री १०.२२

बातम्या वाचायचं निघालंच आहे तर माझी गोष्ट सांगतो. सातवीत असताना मला इंग्रजी बातम्या वाचायला लावल्या. मास्तरांनी कागद दिला, मी घरी बसून त्यावर सगळं देवनागरीत लिहून काढलं. एका वाक्यात हॅज आणि पुढे आर-ई-ए-डी. मी लिहिलं 'हॅज रीड'. सगळ्या शाळेसमोर 'द मिनिस्टर हॅज रीड द बजेट' म्हटलं. मास्तर मागून ओरडले, "रेड! रेड!" मला वाटलं लाल रंगाचं काहीतरी राहिलं. मी परत पहिल्यापासून वाचायला लागलो. आजही गावात काही जण मला रेड म्हणतात. तर बाई, मुलं कागदावर उच्चार लिहितात तेव्हा तेवढं बघून घ्या.

खानापूरच्या_बाई | १९ ऑगस्ट, रात्री १०.३०

बाळूभाऊ, हसून हसून पुरेवाट. बघते, नक्की.

गाइडवाले सर, तुमची यादी वर्गात भिंतीवर लावलेलीच आहे, त्या पोरीने तीच बघून प्रश्न काढला! आणि खऱ्या बातमीत वेळेचा शब्द नसलेलीच वाक्यं जास्त असतात. पहिलं वाक्य बघा ना.

डेस्कवरचा_म्हातारा | २० ऑगस्ट, सकाळी ६.१५

मी बेळगावचाच, कॅम्पात वाढलो. पुढे बावीस वर्षं एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर काढली. बाई, तुमच्या पोरीचा प्रश्न सोन्यासारखा आहे. तिला उत्तर एका वाक्यात मिळणार नाही, कारण ते त्या वाक्यात नाहीच. ते आधीच्या वाक्यात आहे.

बातमी कशी सुरू होते बघा. ऐकणाऱ्याला काही माहीत नाही. तुम्ही त्याला सांगता, बाबा रे, असं असं झालंय. कधी, कुठे, ते अजून नाही. काय झालं आणि आता काय स्थिती आहे, एवढंच. तिथे 'हॅज लँडेड'. यान आत्ता चंद्रावर आहे, ही त्यातली बातमी. हे झालं की तुम्ही त्याला हाताला धरून त्या घटनेत नेता: काल संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी. दुसऱ्या वाक्याने घड्याळ लावलं. आता श्रोता त्या क्षणी उभा आहे. पंतप्रधान जोहान्सबर्गहून बघत होते ते कधी? त्याच क्षणी. म्हणून तिसऱ्यात वेळेचा शब्द लागत नाही, तो दुसऱ्या वाक्याकडून उसना घेतलेला आहे. म्हणून 'वॉच्ड'.

चौथं वाक्य त्या क्षणात राहत नाही. ते पुन्हा आजच्या सकाळी येतं. भारत आता चौथा देश आहे, प्रार्थनेला उभं असताना आहे. म्हणून 'हॅज बिकम'. डेस्कवर नवीन पोरं यायची त्यांना मी सांगायचो, प्रत्येक वाक्याला "कधी?" विचार. उत्तर वाक्यात असेल किंवा आधीच्या वाक्यात येऊन गेलं असेल, तर साधा भूतकाळ. "कधी ते जाऊ दे, आता हे असं आहे" असं उत्तर येत असेल तर हॅव-हॅज.

फक्त चौथ्यात 'बिकेम' लिहिलं तर चूक देऊ नका. त्या क्षणी चौथा देश झाला, असंही सांगता येतं. तिथे दोन्ही बसतात.

गाइडवाला_सर | २० ऑगस्ट, सकाळी ७.५०

काका, मान्य, पण पेपरात एकेक वाक्य सुटं येतं. आधीचं वाक्य कुठून आणायचं? आणि तिसऱ्यात मुलाने 'हॅज वॉच्ड' लिहिलं तर तुम्ही शून्य देणार?

डेस्कवरचा_म्हातारा | २० ऑगस्ट, सकाळी ८.२०

सुट्या वाक्यात मी शून्य देणार नाही, कारण सुटं वाक्य घेतलं तर 'हॅज वॉच्ड' व्याकरणाने मोडत नाही. पण सलग बातमीत ते वाचलं की कानाला वेगळंच लागतं. जणू चंद्रयानाची बातमी संपली आणि 'पंतप्रधानांनी लँडिंग बघितलं आहे' ही नवी बातमी सुरू झाली. म्हणून बाईंचा प्रकार मला आवडला. सलग बातमीपत्रात जागा गाळल्या तरच हे मुलाला कळतं. तुमच्या यादीने ते कळायचं नाही. यादी खोटी नाही, पण तिचा 'रिसेंटली' हा शब्द दोन्हीकडे चालतो, एवढं लक्षात असू द्या.

हुक्केरीकर_पाटील | २० ऑगस्ट, दुपारी १.१०

माझा एक मुद्दा. आमची पोरं चुकतात ती मराठीमुळे. इथल्या पेपरात रोज काय असतं? 'मुख्यमंत्र्यांनी काल बेळगावात बैठक घेतली आहे.' काल पण आहे आणि 'आहे' पण आहे, आणि मराठीत त्यात काही खटकत नाही. पोरगं 'आहे' बघतं आणि 'हॅज' लावतं. द चीफ मिनिस्टर हॅज हेल्ड अ मीटिंग यस्टरडे. झालं!

आणि घरात आमच्या कन्नड. तिथेही तेच. 'निन्ने मळे बंदिदे' म्हणजे काल पाऊस आलेला आहे. निन्ने म्हणजे काल, आणि तरी 'इदे' लावतात. म्हणजे आमच्या पोरांच्या कानाला दोन्ही बाजूंनी 'काल'सोबत 'आहे' गोड लागतं. इंग्रजीलाच तेवढं ते चालत नाही.

खानापूरच्या_बाई | २० ऑगस्ट, दुपारी ४.५५

पाटीलसाहेब, अगदी हेच! आज चौदा वह्या तपासल्या. दुसऱ्या वाक्यात, जिथे 'यस्टरडे इव्हनिंग' ढळढळीत लिहिलंय, तिथे नऊ जणांनी 'हॅज टच्ड' लिहिलं. मराठीत विचारलं तर म्हणतात, "काल संध्याकाळी उतरलं आहे." बरोबरच आहे की मराठीत! आणि दोघांनी 'हॅड टच्ड' लिहिलं, कारण त्यांच्या डोक्यात 'उतरलं होतं' होतं. आपण 'मी गेल्या वर्षी गोव्याला गेलो होतो' म्हणतो ना, तसं.

मग उद्या मी मराठी वाक्य देणारच नाही. नुसतं "कधी?" विचारणार. काकांची युक्ती.

निपाणीचा_बाळू | २० ऑगस्ट, संध्या. ५.३०

मग आमच्या पेपरवाल्यांनी 'काल घेतली आहे' लिहिणं बंद करावं असं म्हणणं आहे का तुमचं? इंग्रजीसाठी मराठी कशाला बदलायची? सीमाभागात आधीच मराठीचं काय कमी हाल आहेत?

हुक्केरीकर_पाटील | २० ऑगस्ट, संध्या. ५.४१

अहो बाळूभाऊ, कोण म्हणालं तसं? मराठीत ते बरोबरच आहे. पोरांना एवढंच सांगायचं की 'आहे'चं 'हॅज' करू नका.

टिळकवाडी_आई | २० ऑगस्ट, रात्री ८.१५

मी शिक्षिका नाही, मुलगी नववीत आहे. सगळं वाचलं. पण एक कळेना. बाईंचं बातमीपत्र २०२३ सालचं, आणि वाचणार या शनिवारी. मग 'इंडियाज चंद्रयान-थ्री हॅज लँडेड' असं आता कसं वाचणार? ऐकणाऱ्यांना वाटेल आज उतरलं.

डेस्कवरचा_म्हातारा | २० ऑगस्ट, रात्री ८.४०

ताई, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. 'हॅज लँडेड' ही बातमी दोन दिवसांत शिळी होते. जुनं बातमीपत्र जसंच्या तसं वाचता येत नाही. फळ्यावर तारीख लिहिलेली नसेल तर या रिकाम्या जागांना उत्तरच नाही. २४ ऑगस्ट २०२३ लिहिलं तर पहिल्याचं उत्तर 'हॅज लँडेड'. आजची तारीख लिहिली तर 'लँडेड', आणि वाक्यात 'ऑन ट्वेंटी-थर्ड ऑगस्ट २०२३' घालावंच लागतं. 'यस्टरडे इव्हनिंग' तर काढावंच लागेल.

सहावं वाक्य तर आता खोटंच होतं. उतरल्यावर सहाच दिवसांनी, २९ ऑगस्टला, इस्रोने चंद्राच्या मातीत सल्फर सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे 'हॅव नॉट अनाउन्स्ड एनी रिझल्ट्स यट' हे २४ तारखेला खरं होतं, महिनाअखेरीस नव्हतं. 'यट' म्हणजे वाचनाच्या क्षणापर्यंत, आणि तो क्षण पुढे सरकला की वाक्य सुद्धा तपासावं लागतं.

खानापूरच्या_बाई | २० ऑगस्ट, रात्री ९.२०

अरे देवा. आणि मी ते तसंच वाचून घेणार होते!

मग असं केलं तर? मुलांना दोन्ही देते. वरती एकदा २४ ऑगस्ट २०२३, सकाळ. दुसऱ्यांदा २३ ऑगस्ट, या वर्षीची तारीख. घटना तीच, जागा त्याच, उत्तरं बदलायची. दुसरं मी आत्ता असं लिहून काढलंय:

१. टू इयर्स ॲगो टुडे, चंद्रयान-थ्री ____ नियर द साउथ पोल ऑफ द मून. उत्तर: लँडेड
२. द रोव्हर प्रग्यान ____ ऑन द सरफेस फॉर अबाउट टेन डेज. क्रियापद: वर्क
३. सिन्स देन, इंडिया ____ द आदित्य-एल-वन मिशन टु स्टडी द सन. क्रियापद: सेंड
४. सो फार, फाइव्ह कंट्रीज ____ सेफली ऑन द मून. क्रियापद: लँड

तिसऱ्याला 'हॅज सेंट', कारण 'सिन्स देन' म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत. चौथ्याला 'हॅव लँडेड'. आपल्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये जपानचं यान उतरलं, म्हणून पाच. दुसरं मात्र नक्की होईना. 'फॉर' आहे ना, यादीप्रमाणे 'हॅज वर्क्ड' व्हायला हवं.

गाइडवाला_सर | २० ऑगस्ट, रात्री ९.३५

'फॉर' आहे म्हणजे 'हॅज वर्क्ड'. शंभर टक्के.

डेस्कवरचा_म्हातारा | २० ऑगस्ट, रात्री ९.५०

सर, शंभर टक्के नाही. 'हॅज वर्क्ड फॉर टेन डेज' म्हणजे दहा दिवस झाले, अजून चालू आहे, असं ऐकू येतं. प्रग्यानला २ सप्टेंबर २०२३ ला झोपवलं. दोन दिवसांनी विक्रमलाही. २२ तारखेला पुन्हा जागं करून पाहिलं, जागं झालं नाही. ते दहा दिवस संपलेले आहेत. म्हणून 'वर्क्ड'. 'फॉर' हा शब्द दोन्ही बाजूंनी येतो, त्यावरून काही ठरत नाही. पोरांना पुन्हा तेच विचारायला सांगा: ते दहा दिवस कधी? तेव्हा. मग साधा भूतकाळ.

गाइडवाला_सर | २० ऑगस्ट, रात्री १०.०२

हे पटलं. 'फॉर' यादीतून काढतो. 'रिसेंटली'चं बघतो.

कडोलीचा_इंजिनिअर | २० ऑगस्ट, रात्री ११.३०

सध्या अमेरिकेत आहे, म्हणून दोन गोष्टी. इथे लोक सर्रास 'इट जस्ट लँडेड' म्हणतात, 'जस्ट'सोबत साधा भूतकाळ. त्यामुळे यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्या मुलांना यादीतला 'जस्ट' गोंधळात टाकेल.

दुसरं, बाईंचं चौथं वाक्य. पाच देश म्हणजे सोव्हिएत युनियन, अमेरिका, चीन, भारत, जपान. आता सोव्हिएत युनियन नावाचा देशच राहिलेला नाही. 'द सोव्हिएत युनियन हॅज लँडेड ऑन द मून' असं आज म्हणता येत नाही. मग 'फाइव्ह कंट्रीज हॅव लँडेड' कसं म्हणता येतं?

डेस्कवरचा_म्हातारा | २१ ऑगस्ट, सकाळी ६.०५

वा! रात्री झोप मोडली का तुमची? एकट्या सोव्हिएत युनियनचं नाव घेतलं तर 'लँडेड'च. गेलेल्या माणसाबद्दल जसं 'हॅज रिटन टेन बुक्स' म्हणत नाही, 'रोट' म्हणतो, तसं. पण पाचांची यादी चालू आहे, उद्या सहावा येऊ शकतो. त्यामुळे 'हॅव लँडेड' चालतं असं माझं मत. डेस्कवर यावर भांडण झालं असतं हे मात्र खरं.

टिळकवाडी_आई | २१ ऑगस्ट, सकाळी १०.४५

माझ्या मुलीच्या वहीत एक आहे: 'द हेडमास्टर ____ अ सॅपलिंग धिस मॉर्निंग.' तिने 'हॅज प्लांटेड' लिहिलं, त्यांच्या टीचरनी कापलं. कोण बरोबर?

हुक्केरीकर_पाटील | २१ ऑगस्ट, सकाळी ११.२०

'धिस मॉर्निंग' म्हणजे वेळेचा शब्द. साधा भूतकाळ. टीचर बरोबर.

डेस्कवरचा_म्हातारा | २१ ऑगस्ट, दुपारी १२.१५

पाटील, इथे घड्याळ बघावं लागतं. शनिवारी सकाळची शाळा, आठ-सव्वाआठला बातम्या. तेव्हा सकाळ अजून चालूच आहे, म्हणून 'हॅज प्लांटेड' चालतं, 'प्लांटेड'ही चालतं. तेच वाक्य दुपारी तीनला वाचलं तर सकाळ संपली, 'प्लांटेड'च. 'टुडे', 'धिस वीक' यांचंही असंच. सकाळी लिहिलेलं बातमीपत्र रात्री वाचताना आम्ही हे बदलायचो. मुलीच्या वहीवर वेळ लिहिली होती का?

टिळकवाडी_आई | २१ ऑगस्ट, दुपारी १२.३०

नाही. नुसतं वाक्य.

हुक्केरीकर_पाटील | २१ ऑगस्ट, दुपारी १२.५२

पण रोप लावून झालं, ते काम संपलं. सकाळ चालू असली म्हणून काय झालं? मला नाही पटत.

खानापूरच्या_बाई | २३ ऑगस्ट, दुपारी १.२५

पाऊस धो धो होता, वीज नव्हती, त्यामुळे माइकही नाही. व्हरांड्यातच उभं राहून वाचलं. दोन मुली: एकीने २४ ऑगस्ट २०२३ ची तारीख सांगून जुनं वाचलं, दुसरीने आजची तारीख सांगून नवं. प्रत्येक वाक्यानंतर सातवीच्या पोरांनी "व्हेन?" असा एकसुरात आवाज काढायचा, असं ठरवलं होतं. तिसऱ्या वाक्याला 'वॉच्ड' आलं, पोरं "व्हेन?" ओरडली, आणि वाचणारीने कागद मागे करून दुसरं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं: ॲट फोर मिनिट्स पास्ट सिक्स. तीच ती पहिल्या बाकावरची.

मोठे सर मात्र म्हणाले, "दोन्ही एकाच दिवशी कशाला? प्रार्थना वीस मिनिटं लांबली." सोमवारी कन्नड बातम्या आहेत, त्यात काय करायचं ते बघते.

आणि बाळूभाऊ, कागदावर 'हॅज सेंट' देवनागरीत लिहिलेलं होतं. पोरीने 'हॅज संत' वाचलं.

निपाणीचा_बाळू | २३ ऑगस्ट, दुपारी १.४०

तिला आता गावात संत म्हणणार. माझा अनुभव आहे.